बक्षीस नेमकं कशाबद्दल?

तीन महिन्यांच्या पिल्लाला ‘बस’ म्हणजे काय हे माहीत नसतं. तुम्ही दहा वेळा म्हणा, आवाज चढवून म्हणा, ते मान तिरकी करून तुमच्याकडे बघत राहतं. मग तुम्ही चिमटीत पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा धरता आणि तो त्याच्या नाकासमोरून हळूहळू डोक्याच्या वर, मागच्या बाजूला नेता. वासाचा माग काढत नाक वर जातं, आणि नाक वर गेलं की बूड आपोआप खाली टेकतं. टेकलं त्याच क्षणी तुकडा तोंडात. हे काही वेळा झालं की नुसता हात वर गेला तरी पिल्लू बसू लागतं. मग हात वर नेण्याआधी ‘बस’ म्हणायला सुरुवात केली, की थोड्याच दिवसांत शब्द एवढाच पुरतो.

या सगळ्यात पिल्लाला बसायचं कसं हे कुणीही समजावून सांगितलेलं नाही. त्याने काहीतरी केलं, त्यातून काहीतरी मिळालं, आणि जे केल्यावर मिळालं ते पुन्हा करण्याकडे त्याचा कल वाढला. कंप्युटरला याच रीतीने शिकवण्याच्या शास्त्राला रीइन्फोर्समेंट लर्निंग म्हणतात. गो या खेळातल्या जगज्जेत्यांपैकी एक असलेल्या ली सेडोलला 2016 मध्ये सोलमध्ये 4-1 असं हरवणारा अल्फागो हा प्रोग्रॅम घडवण्यात या पद्धतीचा मोठा वाटा होता, आणि आज आपल्याशी गप्पा मारणारे चॅटबॉट घडवतानाही ती वापरली जाते.

यंत्राला शिकवण्याची जास्त परिचित पद्धत वेगळी आहे. तिच्यात हजारो फोटो दाखवतात आणि प्रत्येकाखाली ‘हे मांजर’, ‘ही गाय’ असं उत्तर लिहिलेलं असतं. यंत्र चुकलं तर बरोबर उत्तर तिथेच हजर असतं. रीइन्फोर्समेंट लर्निंगमध्ये बरोबर उत्तर कुणीच देत नाही. यंत्र एक कृती करतं आणि त्याला एक आकडा मिळतो, तेच त्याचं पनीर. तो आकडा एवढंच सांगतो की जे झालं ते किती चांगलं झालं. त्याऐवजी काय करायला हवं होतं, हे सांगत नाही. ते यंत्राला स्वतः करून बघूनच शोधावं लागतं.

तुकडा उशिरा मिळाला तर

कुत्र्याला शिकवू पाहणाऱ्या प्रत्येकाची पहिली अडचण वेळेची असते. समजा, तुमच्या कुत्र्याचं नाव मोती आहे. मोती बसला. तुम्ही खूश झालात आणि खिशात हात घातलात. पिशवीची गाठ सुटेना. तेवढ्यात मोती उठला, त्याने जमीन हुंगली, खिडकीतल्या कबुतराकडे बघून एकदा भुंकला आणि तुमच्याकडे वळला. आता तुकडा त्याच्या तोंडात गेला. तुमच्या मते ते बसण्याचं बक्षीस आहे. मोतीच्या दृष्टीने मात्र ते भुंकण्याचं किंवा वळून बघण्याचं असण्याची शक्यता जास्त आहे, कारण तुकड्याच्या सगळ्यात जवळ त्याच गोष्टी घडल्या होत्या.

मिळालेल्या फळाचं श्रेय आधीच्या कोणत्या कृतीला द्यायचं, हा रीइन्फोर्समेंट लर्निंगमधला मध्यवर्ती प्रश्न आहे. मोतीच्या बाबतीत उशीर पाच सेकंदांचा असतो. गोच्या डावात दोनशेहून अधिक खेळ्या होऊ शकतात आणि जिंकलो की हरलो हा एकच निकाल अगदी शेवटी मिळतो. डाव जिंकला, पण तो सदतिसाव्या खेळीमुळे की एकशे बाराव्या? की एकशे बारावी खेळी खरं तर चूकच होती आणि तिच्यावर मात करून जिंकलो? निकालाच्या एका आकड्यातून यातलं काहीच कळत नाही.

प्राणी शिकवणाऱ्यांनी यावर एक सुरेख उपाय शोधला. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलंड या जोडप्याने खाऊच्या आधी वाजणारा एक ठरावीक आवाज वापरायला सुरुवात केली. पुढे कॅरन प्रायर यांनी डॉल्फिन शिकवताना शिट्टी वापरली. पाण्याबाहेर उसळलेल्या डॉल्फिनला हवेतच मासा भरवता येत नाही, पण उडी सगळ्यात उंच असताना शिट्टी नक्की वाजवता येते. प्रायर यांच्यासारख्या प्रशिक्षकांमुळे हीच रीत कुत्र्यांपर्यंत पोहोचली. शिट्टीच्या जागी तळहातात मावणारा, दाबला की ‘टिक्’ असा आवाज करणारा क्लिकर आला.

क्लिकर वापरण्याआधी त्या आवाजाला किंमत मिळवून द्यावी लागते. मोतीने काहीच केलं नसताना टिक् आणि लगेच तुकडा, पुन्हा टिक् आणि लगेच तुकडा, असं पंधरा-वीस वेळा करायचं. टिक् ऐकताच मोतीची मान झटकन तुमच्याकडे वळली, की समजायचं काम झालं. आता तो आवाज म्हणजे ‘तुकडा येतोय’ अशी खात्री आहे. मोतीचं बूड टेकताच टिक् करायचं. मग पिशवीची गाठ सुटायला चार सेकंद लागले तरी बिघडत नाही, कारण श्रेय कुणाचं हे टिक् झालं तेव्हाच ठरलेलं असतं.

म्हणजे खाऊची खूण स्वतःच खाऊसारखं काम करू लागली. कंप्युटरला शिकवण्याची किल्ली इथेच आहे.

किंमत मागे सरकत जाते

आता मोतीला जरा मोठं काम देऊ. दाराची बेल वाजली की त्याने कोपऱ्यातल्या चटईवर जायचं आणि तिथे आडवं व्हायचं. बक्षीस शेवटी, आडवा झाल्यावर. यात तीन टप्पे आहेत: बेल ऐकली, चटईवर पोहोचला, आडवा झाला. चटईपर्यंत कसं जायचं आणि आडवं कसं व्हायचं हे त्याला आधी वेगवेगळं शिकवलं आहे असं धरू, म्हणजे आपल्याला फक्त किंमत कशी पसरते ते बघता येईल.

मोतीच्या जागी कंप्युटर असता, तर त्याने प्रत्येक टप्प्यासमोर एक आकडा लिहून ठेवला असता: इथून पुढे किती मिळेल, याचा अंदाज. सुरुवातीला तिन्ही अंदाज शून्य. बक्षीस 16 गुणांचं. नियम एकच. प्रत्येक टप्प्यावर, पुढच्याच पावलाला जे हाती आलं किंवा जो अंदाज दिसला, त्याच्याशी आपला अंदाज ताडून बघायचा आणि जो फरक असेल त्याच्या निम्म्याने आपला आकडा बदलायचा.

पहिली फेरी. बेलवर अंदाज शून्य, पुढे चटईचाही शून्य, काही बदल नाही. चटईवर शून्य, पुढे आडवं होण्याचाही शून्य, बदल नाही. आडवा झाल्यावर मात्र शून्याची अपेक्षा असताना 16 मिळाले. फरकाचा निम्मा 8. पहिल्या फेरीअखेर कंप्युटरला एवढंच माहीत आहे की आडवं होणं चांगलं. बेलचं आणि चटईचं त्याला काही सोयरसुतक नाही.

दुसरी फेरी. बेलवरून चटईकडे जाताना अजून काही बदल नाही. पण चटईवर आल्यावर पुढच्या टप्प्याचा अंदाज 8 दिसतो, म्हणून चटईचा आकडा शून्यावरून 4 होतो. आडवं होण्याचा 8 वरून 12. चटईवर खाऊ कधीच मिळालेला नाही, तरीही चटईला किंमत आली.

तिसऱ्या फेरीत ती बेलपर्यंत पोहोचते. बेलवर उभं असताना चटईचा अंदाज 4 दिसतो, म्हणून बेलचा आकडा 2 होतो. चटईचा 4 वरून 8, कारण पुढे 12 दिसतात. आडवं होण्याचा 14. चौथ्या फेरीअखेर हे तीन आकडे अनुक्रमे 5, 11 आणि 15 असतात. असंच चालू ठेवलं तर तिन्ही 16 कडे सरकत जातात.

शेवटी मिळालेल्या बक्षिसाची किंमत एकेका फेरीत एकेक पाऊल मागे सरकली. मधल्या कुठल्याही पावलावर कुणी शाबासकी दिली नाही. पुढच्या टप्प्याचा अंदाज हाच मागच्या टप्प्यासाठी क्लिकर झाला. गोमध्येही मूळ कल्पना हीच असते, फक्त तिथे मांडण्या इतक्या असंख्य असतात की प्रत्येकीसमोर आकडा लिहिणं अशक्य. म्हणून मांडणी बघून अंदाज करणारं न्यूरल नेटवर्क वापरतात.

अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकावरून शिकण्याची ही पद्धत संशोधक रिचर्ड सटन यांनी 1988 च्या एका लेखात नीट मांडली. सटन आणि त्यांचे डॉक्टरेटचे मार्गदर्शक अँड्र्यू बार्टो यांना या क्षेत्राचा पाया घातल्याबद्दल 2024 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. कंप्युटरशास्त्रातला हा सर्वोच्च सन्मान मानला जातो.

या गणिताला पुढे अनपेक्षित ठिकाणाहून दुजोरा मिळाला. वोल्फ्राम शुल्त्स हे मेंदूशास्त्रज्ञ माकडांच्या मेंदूतल्या डोपामीन स्रवणाऱ्या पेशींची नोंद घेत होते. माकडाला फळाच्या रसाचा थेंब अचानक मिळाला की या पेशी जोरात सक्रिय होत. पण रसाच्या आधी ठरावीक खूण मिळू लागली, की काही काळाने पेशी खुणेलाच प्रतिसाद देऊ लागत आणि रस मिळाला तरी शांत राहत. खूण मिळूनही रस आला नाही, तर रस यायला हवा होता नेमक्या त्या वेळी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही मंदावे. शुल्त्स, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी 1997 मध्ये दाखवून दिलं की या नोंदी सटन यांच्या समीकरणाशी जुळतात. त्या पेशी रसाचा नव्हे, तर अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा निरोप देत होत्या. आपल्या तक्त्यात आपण दर फेरीला तोच फरक काढत होतो.

मोतीला रोज घरी शिकवणाऱ्यालाही यातून एक गोष्ट कळते. पुढे काय येणार हे पक्कं माहीत झालं की शिकण्यासारखा फरक उरत नाही. म्हणून बसणं पक्कं झाल्यावर त्याच बसण्याला तेच पनीर देत राहून नवं काही घडत नाही. आता थोडा जास्त वेळ बसण्याला किंवा दार उघडं असतानाही बसण्याला बक्षीस द्यायचं. अपेक्षा एकेक पायरी वाढवत नेण्याच्या या पद्धतीला प्रशिक्षक शेपिंग म्हणतात.

पाहुणे आणि उड्या

आता जे बिघडतं त्याकडे वळू. घरोघरी दिसणारं एक उदाहरण घ्या. पाहुणे आले की मोती त्यांच्या अंगावर उडी मारतो. घरातलं कुणीतरी घाईघाईने म्हणतं, ‘मोती, बस!’ मोती बसतो. त्याला तुकडा मिळतो. महिनाभर हे चालतं. मोती आता ‘बस’ म्हटल्यावर झटकन बसतो, म्हणून घरच्यांना वाटतं की शिकवणी यशस्वी झाली. पण उड्या काही थांबत नाहीत. उलट पाहुणा दिसताच मोती आधी उडी मारतो, मग न सांगताच बसतो आणि तुकड्यासाठी हाताकडे बघतो.

मोती हट्टी नाही आणि मठ्ठही नाही. आपल्या तक्त्यातली गोष्ट इथेही घडली आहे. बसण्याची किंमत एक पाऊल मागे सरकली, आणि बसण्याच्या मागचं पाऊल उडी होतं. चटईला जशी किंमत आली तशीच उडीलाही आली. उडी मारली नाही, तर ‘बस’ म्हणतं कोण?

हे ओळखायचं कसं? मोती किती वेळा बसला ते मोजलं, तर सगळं उत्तम दिसतं. मोजायच्या असतात त्या उड्या. दर आठवड्याला किती पाहुणे आले आणि किती जणांवर उडी पडली, हे कागदावर लिहिलं की आठवड्याभरात खरं चित्र समोर येतं. उपाय बक्षिसाची जागा बदलण्यात आहे. पाहुणा दारात असताना, मोतीचे चारही पाय जमिनीवर आहेत त्या क्षणी टिक् आणि तुकडा. उडी पडली तर पाहुण्याने पाठ फिरवायची आणि बक्षीस कसलंच नाही. ‘बस’ म्हणून मिळणारंही नाही. सुरुवातीला दोरी लावून मोतीला जरा लांब ठेवावं लागतं, नाहीतर चारही पाय जमिनीवर असण्याचा तो क्षण सापडतच नाही.

यंत्रांच्या बाबतीत हेच जास्त टोकाचं होतं. 2016 मध्ये ओपनएआय या कंपनीच्या संशोधकांनी कोस्टरनर्स नावाचा बोटींच्या शर्यतीचा खेळ एका प्रोग्रॅमला शिकवला. शर्यत जिंकणं हा हेतू होता, पण खेळात गुण मिळत ते वाटेत लावलेल्या लक्ष्यांवर बोट आदळली की. प्रोग्रॅमला एक आडबाजूची जागा सापडली. तिथे तीन लक्ष्यं पुन्हा पुन्हा उगवत होती. त्याने शर्यत सोडून दिली आणि तिथेच गोल गोल फिरत राहिला. बोटीला आग लागत होती, ती इतर बोटींवर आदळत होती, उलट्या दिशेने जात होती, तरी गुण वाढतच होते. सरासरीने त्याचे गुण माणसांपेक्षा 20 टक्क्यांनी जास्त भरले. शर्यत मात्र त्याने एकदाही पूर्ण केली नाही.

मग बक्षिसाचा आकडा आधीच लिहून ठेवण्याऐवजी माणसानेच बघून ठरवलं तर? 2017 मध्ये ओपनएआय आणि डीपमाइंडच्या संशोधकांनी तेच केलं. कंप्युटरमधल्या एका साध्या यांत्रिक पायाला कोलांटी मारायला शिकवायचं होतं. कोलांटीची नेमकी व्याख्या गणितात लिहिणं कठीण, पण बघून ओळखणं सोपं. म्हणून माणसाला दर वेळी दोन छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि यातली कोलांटीच्या जवळची कोणती एवढंच विचारलं. या निवडींवरून दुसरा एक प्रोग्रॅम माणसाची पसंती ओळखायला शिकला, आणि पुढे तोच क्लिकरसारखा बक्षीस देत राहिला. सुमारे 900 निवडींत, माणसाचा एक तासही खर्च न होता, कोलांटी जमली. आज चॅटबॉटची उत्तरं घडवताना याच धर्तीची पद्धत वापरली जाते.

पण त्याच प्रयत्नांत दुसरंही काहीतरी दिसलं. एका यांत्रिक हाताला चेंडू पकडायला शिकवत होते. त्याने आपला पंजा कॅमेरा आणि चेंडू यांच्या मधोमध धरला. बघणाऱ्याला वाटलं, चेंडू पकडला. पंजा प्रत्यक्षात चेंडूला लागलाही नव्हता. हाताने कुणाला फसवायचं ठरवलं नव्हतं. ‘पकडल्यासारखं दिसणं’ याला बक्षीस मिळत होतं आणि तो तेच शिकला. चॅटबॉटबद्दलही हीच काळजी आहे. माणसं बरोबर उत्तराला पसंती देतात की आपल्या मनासारख्या उत्तराला? दुसऱ्याला दिली, तर यंत्र होयबा होणार.

यंत्र आणि मोती इथे वेगळे होतात

ही तुलना कुठे थांबवायची तेही सांगायला हवं. मोती काही डझन प्रयत्नांत चटईवर जायला शिकतो. डीपमाइंडने 2015 मध्ये 49 जुने अटारी व्हिडिओ गेम एका प्रोग्रॅमला शिकवले, तेव्हा प्रत्येक खेळासाठी त्याला सुमारे 38 दिवस अखंड खेळण्याइतका अनुभव लागला. मोती कोऱ्या पाटीने येत नाही. पाय कसे टाकायचे, वास कुठून येतो, माणसाची नजर कुठे वळली आहे, हे त्याला जन्मतः किंवा लहानपणीच मिळालेलं असतं. त्या प्रोग्रॅमला पडद्यावरचा चेंडू म्हणजे काय हेही चुका करत करतच शिकावं लागलं.

यंत्राला धडपडायला मुद्दाम लावावंही लागतं. पहिल्यांदा थोडे गुण मिळाले की ते त्याच कृतीला चिकटून बसेल आणि जास्त गुण देणारी दुसरी कृती कधी करूनच बघणार नाही. म्हणून शिकताना दर शंभरातल्या काही वेळा त्याला हाताला येईल ती कृती करायला लावतात. मोतीला ही सक्ती लागत नाही, तो स्वभावानेच खोडकर आहे. मोतीला भूक असते, पोट भरलं की कंटाळा येतो, तुमच्यावर जीव असतो. म्हणून प्रशिक्षक सराव चार-पाच मिनिटांत आटोपतात. यंत्राचं बक्षीस म्हणजे नुसता आकडा. त्याचं पोट भरत नाही, म्हणूनच बोट थकून थांबली नाही.

तेव्हा ‘अमुक यंत्र स्वतःच शिकलं’ असं कुणी सांगितलं, की तीन प्रश्न विचारावेत. बक्षीस कशाला मिळत होतं, ते कोण मोजत होतं, आणि बक्षिसात न धरलेली एखादी गोष्ट वेगळी मोजली का? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बोटीचे गुण बघून ती शर्यत पूर्ण करत नाही हे कळलं नसतं, आणि मोतीचं बसणं बघून उड्या कळल्या नसत्या. ज्याला बक्षीस आहे ते शिकणारा वाढवणारच. ते वाढलं म्हणून आपला हेतू साधला असं होत नाही, हेतूचं मोजमाप वेगळं ठेवावं लागतं.